माणूस शार्प, भिंत शांत: मास्क लावून शार्पनिंग करताना भिंतीवरच्या मुंग्या कशा टाळायच्या

चिपळूणजवळच्या एका घरात पहाटे जात्यावर दळणाऱ्या आजींचं चित्रीकरण केलं होतं. उजेड एकाच खिडकीतून येत होता. मागे चुन्याने सारवलेली पांढुरकी भिंत होती. कॅमेरा ट्रायपॉडवर होता, २५ फ्रेम, शटर १/५०, लेन्स पूर्ण उघडून एफ २.८, आणि तरीही आयएसओ ६४०० पर्यंत न्यावा लागला. फोकस नीट होता, पण चित्र जरा मऊ दिसत होतं. मी पूर्ण शॉटवर शार्पनिंग टाकलं. थांबवलेल्या फ्रेममध्ये ते सुंदर दिसलं: सुरकुत्या, कपाळावरचं कुंकू, नऊवारीचा पोत, सगळं उठून आलं. घरी पाठवल्यावर आजींच्या नातवाचा फोन आला, "काका, बाकी छान आहे, पण भिंतीवर मुंग्या का चालतायत?"

अँटेनाच्या टीव्हीवर ज्या मुंग्या यायच्या, त्याच या. पोरगा अगदी अचूक बोलला होता. हा लेख त्याच शॉटबद्दल आहे. शार्पनिंग फक्त आजींवर आणि जात्यावर कसं ठेवलं, भिंत कशी गप्प केली, आणि मधे कुठे कुठे फसलो, ते सांगतो. सॉफ्टवेअर डाविंची रिझॉल्व्ह, आणि पायऱ्या फुकट आवृत्तीत करता येतील अशाच आहेत. प्रीमियर वापरणाऱ्यांसाठी शेवटाकडे वेगळं लिहिलं आहे.

मुंग्या येतात कुठून

शार्पनिंग म्हणजे सॉफ्टवेअर मूळ चित्राची एक किंचित धूसर प्रत बनवतं, मूळ चित्रातून ती वजा करतं आणि जे उरतं ते मूळ चित्रात पुन्हा मिसळतं. चेहऱ्यावर हे उरलेलं म्हणजे पापण्या, सुरकुत्या, केसांच्या बटा. सपाट भिंतीवर मात्र तपशील काहीच नसतो. तिथे वजाबाकी केल्यावर उरतो तो निव्वळ नॉइज, म्हणजे कमी उजेडात चित्रात येणारे भटके ठिपके, आणि आपण तोच वाढवून परत भिंतीवर टाकतो.

समजा भिंतीची सरासरी उजळी १२० आहे आणि नॉइजमुळे पिक्सेल ११७ ते १२३ मध्ये हलतायत. एवढा फरक डोळ्याला फारसा जाणवत नाही. शार्पनिंगनंतर तोच ११३ ते १२७ झाला, तर जाणवतो. शिवाय नॉइज प्रत्येक फ्रेमला नवा असतो. आत्ता उजळ असलेला ठिपका पुढच्या फ्रेमला काळपट असतो. सेकंदाला २५ वेळा ही अदलाबदल झाली की डोळा तिला हालचाल समजतो, आणि भिंत वळवळायला लागते.

त्यात कॅमेऱ्याचं कॉम्प्रेशन भर घालतं. एच.२६४ मध्ये ठरावीक अंतराने एक पूर्ण फ्रेम साठवली जाते आणि मधल्या फ्रेममध्ये मुख्यतः बदल तेवढे. पूर्ण फ्रेम आली की भिंतीवरचा दाणा एकदम बदलतो, मग पुन्हा थोडा गोठतो. शार्प केलेल्या भिंतीवर हा बदल ठरावीक तालात दचकल्यासारखा दिसतो. नुसत्या नॉइजपेक्षा हे दचके मला जास्त खुपतात.

थांबवलेल्या फ्रेममध्ये यातलं काहीच दिसत नाही. तिथे नॉइज चक्क पोत वाटतो, चित्राला जरा दम आल्यासारखा भासतो. मी पहिल्यांदा फसलो तो इथेच.

आधी बघायची पद्धत बदला

काम सुरू करण्यापूर्वी शॉटमधला चार-पाच सेकंदांचा तुकडा निवडा, ज्यात माणूस हलतोय आणि मागची भिंतही भरपूर दिसतेय. तो लूपवर चालवा. व्ह्यूअर १०० टक्क्यांवर ठेवा. चित्र खिडकीत मावावं म्हणून लहान केलेलं असेल, तर लहान करतानाच शेजारचे पिक्सेल एकमेकांत मिसळतात आणि अर्ध्या मुंग्या तिथेच मरतात. मग भिंत शांत आहे असा खोटा दिलासा मिळतो.

चालू चित्र बघताना नजर चेहऱ्यावर ठेवायची नाही, भिंतीवर ठेवायची. चेहरा शार्प होतोय की नाही ते कोपऱ्यातूनही कळतं. भिंत मात्र मुद्दाम बघावी लागते, कारण माणसाची नजर आपोआप चेहऱ्याकडे ओढली जाते. घरच्या मोठ्या टीव्हीवर आरामात बघणाऱ्याची नजर तशी बांधलेली नसते.

आणखी एक सवय. कुठलंही शार्पनिंग लावताना आधी मुद्दाम अति करतो, चित्र घाण दिसेपर्यंत. मुंग्या कुठे कुठे आहेत याचा नकाशा मिळतो. आजींच्या शॉटमध्ये त्या भिंतीवर होत्याच. पण उजेडापासून लांबच्या, सावलीतल्या गालावरही होत्या, आणि जात्याखालच्या काळपट जमिनीवर तर सगळ्यात जास्त. म्हणजे नुसता माणसाभोवती मास्क मारून, परिणाम त्या हद्दीपुरता ठेवून, भागणार नव्हतं. सपाट जागा माणसाच्या आतही असते.

तीन नोड, तीन पट्टे

रिझॉल्व्हच्या Color पानावर मी तीन नोड, म्हणजे एकामागून एक लागणारे तीन टप्पे, ठेवतो. पहिल्यात रंग आणि उजेडाची दुरुस्ती, दुसऱ्यात भिंत शांत करणं, तिसऱ्यात शार्पनिंग. नवा नोड जोडायला Alt+S.

रंगाची दुरुस्ती आधी का, हे महत्त्वाचं आहे. आधी शार्प केलं आणि मग सावल्या उचलल्या, तर शार्प झालेला नॉइजही त्यांच्यासोबत उचलला जातो, आणि आधी नीट जमवलेलं सगळं बिघडतं. उलट, रंगाचं काम संपल्यावर काळा भाग जितका काळा राहणार आहे तितका तो झालेला असतो, त्यामुळे कुठे किती नॉइज दिसणार हे पक्कं ठरलेलं असतं. लॉग प्रोफाइलमध्ये चित्रीकरण असेल तर हा नियम आणखी कडक पाळा. लॉगचं फिकट चित्र शार्प करताना सगळं सौम्य वाटतं, आणि नंतर कॉन्ट्रास्ट वाढवला की मुंग्यांची फौज बाहेर पडते.

मास्कची मांडणी मी तीन पट्ट्यांत करतो. आत माणसाचा तपशिलाचा भाग, त्याला शार्पनिंग. बाहेर लांबवर भिंत, तिला हलकं धूसरपण. आणि दोन्हींच्या मधे, माणसाच्या कडेला लागून, एक रिकामा पट्टा, ज्याला काहीच करायचं नाही. कोणाच्याच हद्दीत नसलेला हा पट्टा सगळा जोड लपवतो. सुरुवातीला मी एकच मास्क करून आत शार्प आणि बाहेर ब्लर असं करायचो. तेव्हा डोक्याभोवती बदलाची रेघ स्पष्ट दिसायची. शार्प दाणा आणि गुळगुळीत भिंत एकमेकांना टेकली की जोड डोळ्यात भरणारच.

शार्पनिंगचा मास्क काढताना

रिझॉल्व्हमध्ये मास्कच्या आकाराला Window, म्हणजे खिडकी म्हणतात. तिसऱ्या नोडमध्ये Window पॅलेट उघडा आणि मोकळ्या हाताने आकार काढायची Curve खिडकी घ्या. बहुतेकजण माणसाच्या बाह्यरेषेच्या जरा बाहेरून मास्क काढतात आणि मग कडा मऊ करतात. या कामात ते उलटं पडतं. मास्क बाहेर गेला की डोक्याभोवतीच्या भिंतीचा एक पट्टा शार्प होतो. भिंतीच्या इतर भागात शांतता, आणि डोक्याभोवती मात्र मुंग्यांची प्रभावळ. देवाच्या फोटोतलं तेजोवलय डोळ्यांपुढे आणा, फक्त ते वळवळतंय.

म्हणून रेष बाह्यरेषेच्या आतून काढायची. आजींच्या बाबतीत मी चेहऱ्याची रेष कपाळाच्या केसांच्या थोडी आतून, गालाच्या कडेच्या आतून नेली. Inside आणि Outside दोन्ही मऊपणा वाढवले की काठ दोन्ही बाजूंना पसरतो. त्यामुळे आत ठेवलेल्या रेषेचा मऊ काठ बरोबर माणसाच्या कडेपाशी विरतो. Softness किती, ते आकड्याने सांगण्यात अर्थ नाही. Shift+H दाबून मास्क बघा: भिंतीचा राखाडी भाग पूर्ण राखाडी असायला हवा, आणि केसांच्या कडेला चित्र हळूहळू त्यात विरघळायला हवं.

बाह्यरेष शार्प नाही राहिली तर माणूस मऊ दिसणार नाही का? नाही दिसत. माणूस स्पष्ट आहे की नाही हे आपण डोळे, भुवया, ओठ आणि हातांवरून ठरवतो. डोक्याची कडा मागच्या भिंतीवर आधीच पुरेशी उठून दिसत असते. उलट त्या कडेवर शार्पनिंग गेलं की पांढऱ्या केसांच्या बाहेर भिंतीवर एक काळी रेघ उमटते, आणि शार्पनिंग केल्याचं सगळ्यात आधी तीच सांगते.

आजींच्या शॉटमध्ये दोन खिडक्या केल्या. एक चेहऱ्यावर, दुसरी हात, खुंटा आणि जात्याचा वरचा दगड मिळून. मधला पदर मुद्दाम सोडला. नऊवारीवर बारीक चौकडा होता, आणि शार्पनिंगमध्ये चौकड्याच्या बारीक रेघा हलताना लुकलुकायला लागल्या. हा नॉइज नव्हता, विणीचा तपशील सेन्सरच्या क्षमतेपलीकडे बारीक होता, एवढंच. पण डोळ्याला त्रास तोच. असं बारीक विणीचं कापड, जाळी किंवा कौलांच्या लांबच्या ओळी मास्कबाहेर ठेवलेल्या बऱ्या.

आता सावलीतला गाल. इथे मी आधी Qualifier वापरून पाहिला. उजळीवर निवड करायची, गडद भाग बाहेर ठेवायचा, कल्पना सरळ आहे. पण निवड मुळात त्याच नॉइजभरल्या चित्रावरून होते. सीमेवरचे पिक्सेल एका फ्रेमला निवडीत, पुढच्या फ्रेमला बाहेर. म्हणजे मास्कलाच मुंग्या लागल्या! निवडीची सीमा मऊ करून आणि मास्कला ब्लर देऊन त्या कमी होतात, पूर्ण जात नाहीत. म्हणून मी ते सोडलं आणि साधा उपाय केला. त्याच नोडमध्ये Gradient खिडकी सावलीच्या बाजूला ठेवली, तिला बेरजेऐवजी वजाबाकीवर टाकलं, आणि तिचा उतार लांबलचक ओढला. उजेडाकडचा गाल पूर्ण शार्प, मधला भाग अर्धा, सावलीतला जवळपास काहीच नाही. भूमितीने काढलेल्या मास्कला नॉइज दिसत नाही, त्यामुळे तो लुकलुकत नाही. घरातला उजेड स्थिर आहे, तेव्हा ही तिरकी खिडकी ट्रॅकही करावी लागली नाही. आजी पुढेमागे झुलतात, पण सावली आपल्या जागीच असते.

ट्रॅकिंग, आणि मधे येणारा हात

दोन्ही खिडक्या वेगवेगळ्या ट्रॅक करा. Tracker पॅलेटमध्ये जाऊन चेहऱ्याची खिडकी निवडलेली आहे ना ते बघा, चेहरा सगळ्यात स्पष्ट आहे अशा फ्रेमवर या, आणि तिथून पुढे आणि मागे असं दोन्हीकडे ट्रॅक करा. शॉटच्या पहिल्या फ्रेमपासूनच सुरू केलं पाहिजे असा काही नियम नाही. पहिल्या फ्रेमला आजींचं डोकं खाली होतं. मी चौथ्या सेकंदापासून सुरुवात केली.

चेहऱ्यासाठी Pan, Tilt, Zoom आणि Rotate चालू ठेवले. Perspective 3D बंद ठेवलं, कारण तो पर्याय मऊ, कमी कॉन्ट्रास्टच्या चेहऱ्यावर कधीकधी खिडकी विचित्र पिळवटून टाकतो, आणि इथे त्याची गरजही नव्हती.

दळताना हात फेरी पूर्ण करून वर येतो, आणि एका क्षणी मनगट हनुवटीसमोरून जातं. ट्रॅकर तिथे हातालाच चिकटला आणि चेहऱ्याची खिडकी त्याच्यामागे खांद्यापर्यंत ओढली गेली. असं झालं की पुढचं सगळं ट्रॅकिंग फुकट. हात समोर येण्याच्या आधीच्या फ्रेमवर थांबा, त्यापुढचा बिघडलेला ट्रॅक पुसा, हात निघून गेल्यावरच्या फ्रेमवर जाऊन Tracker मधला Frame पर्याय निवडा आणि खिडकी हाताने चेहऱ्यावर परत बसवा. मधल्या सात-आठ फ्रेम रिझॉल्व्ह आपोआप जोडून घेतं. मग त्या नव्या जागेपासून पुढे ट्रॅक. Frame ऐवजी Clip निवडलेलं असेल, तर तुमचा हात लागताच पूर्ण शॉटभर खिडकी सरकते. हा घोटाळा मी निदान चारदा केला आहे.

मास्क थोडा थरथरला तरी घाबरू नका. रेष आत आहे आणि काठ मऊ आहे, तोवर दोन-चार पिक्सेलची थरथर दिसत नाही. कडक काठाचा मास्क इथे चालत नाही, त्याचं हेही एक कारण.

शार्पनिंगची मात्रा

आता तिसऱ्याच नोडमध्ये Blur पॅलेट उघडा आणि त्याची पद्धत Sharpen करा. Radius ०.५० वर असतो, म्हणजे परिणाम शून्य. खाली आणलं की चित्र शार्प होतं, वर नेलं की धूसर. एचडी टाइमलाइनवर ०.४६ ते ०.४८ च्या दरम्यान माझं काम भागतं. आजींना ०.४६ ठेवलं. ०.४० च्या खाली चेहरा लाकडात कोरल्यासारखा व्हायला लागतो, आणि वयस्कर माणसाच्या बाबतीत तो जरा अपमानच वाटतो.

खरी किल्ली पुढच्या दोन घुंड्यांत आहे: Level आणि Coring Softness. Level हा उंबरठा आहे. शेजारच्या पिक्सेलमधला फरक या उंबरठ्यापेक्षा लहान असेल तर त्याला हात लावायचा नाही, मोठा असेल तर शार्प करायचा. नॉइजचे फरक सहसा लहान, पापणीचे आणि सुरकुतीचे मोठे. त्यामुळे उजेडातल्या गालावरचा सपाट भाग आपोआप सुटतो. शॉट लूपवर चालू ठेवून, नजर गालाच्या सपाट भागावर ठेवून, Level शून्यापासून हळूहळू वाढवत न्या. मुंग्या थांबतात तिथे थांबा आणि चिमूटभर मागे या.

पण उंबरठ्यालाही एक खोड आहे. त्याच्या अगदी जवळपासचे ठिपके एका फ्रेमला उंबरठा ओलांडतात, दुसऱ्या फ्रेमला नाही. म्हणजे सगळी वळवळ थांबली, पण इथेतिथे एकेक ठिपका चमकून विझतो. मुंग्या गेल्या आणि काजवे आले. Coring Softness वाढवला की उंबरठा पायरीसारखा न राहता उतारासारखा होतो आणि काजवे विझतात. म्हणून ही घुंडी शून्यावर कधीच सोडू नका. Level जितका वाढवाल, तितका हिलाही वाढवा.

या उपायाची मर्यादा सावलीत कळते. गडद भागात नॉइजचे फरक आणि खऱ्या तपशिलाचे फरक जवळपास सारखेच होतात. तिथे उंबरठा कितीही फिरवा, एकतर दोन्ही वाचतात किंवा दोन्ही जातात. तिरकी खिडकी आधीच लावून घेतली होती ती त्यासाठीच.

सगळं जमलं की Key पॅलेटमध्ये Key Output चा Gain १.०० वरून खाली आणा. हा नोडचा एकूण जोर आहे. आधीच्या घुंड्या फिरवताना डोळा सरावतो आणि आपण नकळत जास्त करून बसतो. दहा मिनिटं उठून चहा घेऊन आल्यावर हीच एक घुंडी कमी करायची. आजींच्या शॉटमध्ये शेवटी ०.७० वर ठेवली.

रंगीत नॉइज, म्हणजे लाल-हिरवे ठिपके, शार्पनिंगमध्ये वाढलेले दिसले तर त्याच नोडवर उजवी क्लिक करून Color Space मध्ये LAB निवडा आणि Channels मधून दुसरा आणि तिसरा चॅनेल बंद करा. मग शार्पनिंग फक्त उजळीवर होतं, रंगाला स्पर्श होत नाही. हे कराल तर त्या नोडमध्ये Qualifier वापरू नका, कारण निवडीचा अर्थ बदलतो. खिडक्यांना काही अडचण येत नाही.

भिंत शांत करणं

शार्पनिंग काढून घेतल्यावर भिंत मूळ जागी येते, पण आयएसओ ६४०० ची मूळ भिंतही काही गप्प नव्हती. रिझॉल्व्हच्या पैसे भरून घेतलेल्या स्टुडिओ आवृत्तीत नॉइज कमी करण्याची साधनं आहेत. ती असतील तर रंगाच्याही आधी, पहिल्या नोडमध्ये वापरा, आणि मग शार्पनिंगचं काम निम्म्याने सोपं होतं. फुकट आवृत्तीत ती नाहीत, तेव्हा दुसऱ्या नोडमधला हलका ब्लर.

इथे मास्क अगदी ढिला हवा. आजी पुढेमागे जितक्या झुलतात ती सगळी जागा आत येईल असा एक मोठा आकार काढला, उलटवला, काठ भरपूर मऊ केला. त्यांच्या झुलण्याची पूर्ण जागाच बाहेर राहिल्यामुळे ट्रॅकिंगची गरज नाही. कॅमेरा ट्रायपॉडवर होता म्हणून हे चाललं. हातात धरलेल्या कॅमेऱ्याच्या शॉटला हाच मास्क भिंतीवरच्या एखाद्या खिळ्यावर किंवा भेगेवर ट्रॅक करावा लागेल.

या नोडमध्ये Blur पद्धतीत Radius ०.५० वरून ०.५३ पर्यंतच नेला. त्यापुढे दोन गोष्टी बिघडतात. एक, चुन्याच्या भिंतीचे पोपडे आणि ओरखडे पुसले जाऊन ती प्लास्टिकची वाटते. दुसरी गोष्ट कमी लोकांच्या लक्षात येते: नॉइज पूर्ण गेला की भिंतीवरच्या उजेडाच्या उतारात पायऱ्या दिसायला लागतात. आठ बिटच्या चित्रात छटा मोजक्याच असतात आणि त्यांच्यामधले जोड नॉइजच झाकून ठेवत असतो. मुंग्या मारायच्या, पण थोड्या ठेवायच्या.

प्रीमियरवाल्यांसाठी

प्रीमियरमध्ये साधा Sharpen न वापरता Unsharp Mask घ्या, कारण उंबरठा त्याच्यातच आहे. Effect Controls मध्ये त्या परिणामाच्या नावाखालीच पेनने मास्क काढता येतो आणि मास्क फक्त त्या परिणामाला लागतो. सुरुवात Amount ६०, Radius १.०, Threshold ४ अशी करा आणि भिंत बघत Threshold वाढवा. इथला उंबरठा मऊ करायला वेगळी घुंडी नाही, त्यामुळे काजव्यांचा त्रास जास्त होतो. Threshold फार चढवण्यापेक्षा Amount कमी करणं बरं. Mask Expansion ऋण ठेवलात तर रेष आत सरकते, आणि Mask Feather ने काठ मऊ होतो. ट्रॅकिंगला पाना-नटाच्या चिन्हाखाली पद्धत निवडता येते. चेहऱ्याला जागा, आकार आणि फिरणं तिन्ही धरणारी घ्या.

बाहेर काढून बघणं

एडिटिंगमध्ये भिंत शांत आहे म्हणून काम झालं असं नाही. दहा सेकंदांचा तुकडा ज्या बिटरेटला देणार आहात त्याच बिटरेटला बाहेर काढा. यूट्यूबची एचडीसाठी, नेहमीच्या फ्रेम रेटला, शिफारस ८ एमबीपीएसची आहे, पण तिथे ते पुन्हा कॉम्प्रेस होणार. म्हणून मी दुप्पट देतो, मूळ शक्य तितकं चांगलं जावं म्हणून. बिट कमी पडले की उरलेल्या मुंग्यांचे चौकोनी ठोकळे होतात आणि भिंतीवर सरकताना दिसतात. ठोकळे दिसले तर शार्पनिंगला दोष देण्याआधी बिटरेट वाढवून पुन्हा बघा. तरीही राहिले तर Key चा Gain आणखी खाली.

तो तुकडा फोनवर आणि टीव्हीवर दोन्हीकडे बघा. टीव्हीची स्वतःची शार्पनेस सेटिंग बहुतेक घरांत वर चढवलेली असते, आणि ती भिंतीवरही चालते, तुमच्या मास्कला विचारून नाही. नातवाच्या घरच्या टीव्हीवर तसंच निघालं. त्याला ती सेटिंग खाली आणायला सांगितली आणि जुनी आवृत्ती पुन्हा लावायला लावली. मुंग्या थोड्या कमी झाल्या, गेल्या नाहीत. मग नवी पाठवली.

काही शॉटना हे करूच नये. फोकस चुकून कानावर गेला असेल तर डोळे शार्पनिंगने परत येत नाहीत. फोनच्या बऱ्याच व्हिडिओत फोननेच आधी शार्प केलेलं असतं. २०० टक्क्यांवर नेऊन गडद कडेशेजारी उजळ रेघ दिसते का बघा, दिसली तर हात लावू नका. आणि जत्रेतल्या गर्दीसारखा, सगळीकडे माणसंच असलेला शॉट असेल तर वेगवेगळे मास्क ट्रॅक करत बसण्यात अर्थ नाही. तिथे सपाट जागाच थोडी असते, पूर्ण फ्रेमला हलकं शार्पनिंग आणि थोडा Level एवढं पुरतं.

आजींच्या शॉटला सगळं मिळून दीड तास लागला, त्यातला निम्मा वेळ तो मधे येणारा हात सांभाळण्यात गेला. नवी आवृत्ती बघून नातवाने भिंतीचं नावही काढलं नाही. त्याने विचारलं ते एवढंच, की आजीच्या हातातल्या बांगड्या आधी अशा दिसत नव्हत्या, त्या नव्याने चित्रित केल्या का.